ढकलगाडी अडली तेव्हा

उंचीमुळे सगळे जिला शिडी म्हणतात, ती आमची वेगवान गोलंदाज. वाऱ्यासारखी धावत यायची आणि चेंडू मात्र रेंगाळत जायचा. प्रशिक्षक म्हणून मी डोकं लढवलं आणि तिचा रनअप पाच पावलांनी वाढवला. चेंडू आणखी मंदावला.

काल मैदानावरचे काका चेंडूंनी भरलेली ढकलगाडी रेटत आले. चाक विटेला अडलं, गाडी जागच्या जागी थांबली आणि वरचे चेंडू उडून थेट माझ्या नडगीवर आदळले. नडगी चोळता चोळता माझी ट्यूब पेटली.

"चेंडू टाकताना तुझा पुढचा गुडघा का वाकतो गं?" मी शिडीला विचारलं.

"ताईंनीच सांगितलंय, पाय अलगद टेकवायचा."

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण, संघाची फिजिओ. तिने कपाळावर हात मारला. "अगं, ते उड्यांच्या व्यायामापुरतं होतं. इथे पाय खांबासारखा ताठ रोव. पाय अडला की धड पुढे फेकलं जातं आणि धावण्याचा वेग हातातून चेंडूत उतरतो. धड डावीकडे झुकव, म्हणजे उजवा हात उंचावरून फिरेल. पण बेतानं, नाहीतर कंबर धरून माझ्याकडेच येशील."

शिडीने तसंच केलं. चेंडू विकेटकीपरच्या ग्लोव्हजमध्ये धाडकन बसला.

मी साळसूदपणे म्हणालो, "बघा, रनअप वाढवल्याचा फायदा झाला की नाही?"

विकेटकीपर पुढच्या चेंडूसाठी चार पावलं मागे सरकला.