लॉगची सिद्धता, दुसऱ्यांदा

सालेकशाच्या ज्युनियर कॉलेजात भूमेश्वरी मॅडम बारावीला गणित शिकवत. सोमवारी त्यांनी फळ्यावर y = log x लिहिलं, खाली x = eʸ. मग इन्व्हर्स फंक्शनचं सूत्र: dy/dx म्हणजे एक भागिले dx/dy. dx/dy आला eʸ, तो कधीच शून्य होत नाही. आणि eʸ म्हणजे x च. उत्तर 1/x.

दुसऱ्या बाकावरून अल्काचा हात वर आला.

"मॅडम, eʸ चा डेरिव्हेटिव्ह eʸ च, हे कायवरून?"

"शनिवारी केलं ना!"

"शनिवारी त log घेऊन केलं. तवा log चा 1/x धरला होता. आज log साठी e धरून राहिले. मंग पयले कोनतं?"

वर्ग खो खो हसला. मॅडमना वाटलं, आपल्यालाच हसले.

"लई शहाणी झाली का? ये, तूच शिकव. नाही त बाहेर उभी राय."

अल्का बाहेर गेली. तास संपेपर्यंत व्हरांड्यात मान खाली घालून उभी होती.

घरी जाऊन मॅडमनी आपली जुनी वही काढली, पोरगी कुठे चुकली ते दाखवायला. शनिवारचं पान: y = eˣ, log y = x, दोन्ही बाजूंचा डेरिव्हेटिव्ह. तिथे log चा 1/y सिद्ध न करता फुकट घेतलेला. आजच्या पानावर eʸ फुकट घेतलेला. दोन्ही पानं एकमेकांच्या खांद्यावर उभी. नऊ वर्षं असंच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले, पण माफी मागायला तोंड उघडेना. देवाजवळ काय मागायचं, मागायचं होतं ते त्या पोरीजवळ.

वर्गात शिरल्याबरोबर त्या म्हणाल्या, "काल अल्का बरोबर होती. मी चुकली. अन् चुकून वर तिलेच बाहेर काढलं."

कोणी हसलं नाही. मॅडमनी आधी eˣ घेतला, log ला हात न लावता: (eˣ⁺ʰ − eˣ)/h, त्यातून eˣ बाहेर, उरला (eʰ − 1)/h, h शून्याकडे गेला की त्याची सीमा एक, हे अकरावीतच मान्य केलेलं. मग तेच इन्व्हर्सचं सूत्र, तोच 1/x. आता पाया जमिनीवर होता.

"अल्का, ये, शेवटची ओळ तू लिही."

"नाई मॅडम, मले नाई येत," अल्का वहीतून डोकं वर न काढता म्हणाली. तिला येत होतं, हे मॅडमना ठाऊक होतं.

"कोणाले काही विचारायचं?"

मागून हेमेंद्र बोलला, "मॅडम, विचारलं त बाहेर त नाई काढान ना?"

"नाही रे बाबू."

तरी एकही हात वर आला नाही. खडू बोटात धरून मॅडम घंटा होईपर्यंत तशाच वाट पाहत उभ्या राहिल्या.