पंख्याची पाती मोजता येईपर्यंत

दुसरीच्या बाईंना त्यांच्या माघारी सगळी शाळा ‘भोंगा’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते मनातून आवडायचं. एका वर्गात छप्पन्न मुलं, सगळी सात-सात वर्षांची कारटी, पण बाईंनी दारातून एकदा ‘गप्प’ म्हटलं की शेजारच्या वर्गातलीसुद्धा गप्प व्हायची. शेजारचे सर म्हणायचे, बाई, माझं निम्मं काम तुम्हीच करता. बाई वरवर कानाडोळा करायच्या, पण त्यांची मान थोडी ताठ व्हायचीच.

मग एकोणीस वर्षांनी तो भोंगा फाटला. आधी घोगरा झाला, मग मधूनच अडकायला लागला. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी आल्या होत्या. ओरडणं बंद, डॉक्टर म्हणाले. बाईंनी कुजबुजत विचारलं, मग असं बोलू का? तर म्हणे तेही नको, जोर लावून कुजबुजलं की त्याच जागी ताण येतो. साध्या, हळू आवाजात बोला, भरपूर पाणी प्या, आणि ऐकलं नाहीत तर ऑपरेशनची वेळ येईल. घरी नवऱ्याने दोन दिवस शांततेची मजा घेतली. सासूबाईंनी मात्र तिसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं, सूनबाई रुसलीये का रे?

शाळेत एवढी गंमत नव्हती. हेडबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. पंधराव्या दिवशी मी वर्गात येऊन बसेन, त्या म्हणाल्या, वर्ग हाताबाहेर गेलेला दिसला तर तुम्ही ऑफिसात बसा, दाखले लिहा, आणि दुसरी मी दुसऱ्या कुणाला देते. बोलणं वाईट नव्हतं, काळजीचंच होतं. पण एकोणीस वर्षं ज्या खोलीत उभं राहून पोरांना वाचायला शिकवलं, त्या खोलीबाहेर बसून शिक्के मारायचे? त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं.

मग बाई लागल्या प्रयोगाला. पहिला टाळीचा. बाईंनी टप-टप-टपटपटप वाजवायचं, मुलांनी तसंच वाजवून उत्तर द्यायचं आणि गप्प व्हायचं. पहिल्या दिवशी बाई खूश. दुसऱ्या दिवशी मुलांना टाळ्यांची इतकी गोडी लागली की उत्तर संपेचना, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या सरांचा वर्गही उत्तर द्यायला लागला. सर दारात येऊन हात जोडून उभे राहिले. टाळी बंद.

मग आली छोटी घंटी. वाजवली की वर्ग गप्प व्हायचा, म्हणजे तीसेक मुलं व्हायची. उरलेली बोलतच असायची, आणि बाईंना घाई, त्या तशातच सांगायला सुरुवात करायच्या. चार दिवसांत मुलांनी बरोबर हिशेब लावला की घंटी वाजली तरी आपलं वाक्य पुरं करायला हरकत नाही, बाई थांबत नाहीत. एका सकाळी बाईंनी ती बावीस वेळा वाजवली. बावीस वेळा वाजणाऱ्या घंटीकडे कोण बघतं?

त्यातल्या त्यात जमला तो आवाजाचा तक्ता. शून्य म्हणजे तोंड बंद, एक म्हणजे शेजाऱ्याच्या कानापुरतं, दोन म्हणजे आपल्या गटापुरतं, तीन म्हणजे मैदान. ज्या कामाला जी पातळी, तिथे कपड्यांचा चिमटा लावायचा. बाईंनी नुसतं सांगितलं नाही, प्रत्येक पातळीचा सराव करून घेतला. तीनचा सराव वर्गात नको होता, पण करून बसल्या. तरी काम सुरू झालं की मुलांच्या माना वहीत, चिमट्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला? दोनची बोली चढत चढत अडीचवर जायची आणि बाईंच्या घशाला खाज सुटायची.

शेवटी भाच्याने फोनवर एक यंत्र घालून दिलं. वर्गात जेवढा आवाज तेवढा त्यात काटा हलतो, हिरवं, पिवळं, लाल. बाईंनी फोन कपाटावर उभा केला. पहिला तास मुलं काटा लालवर नेण्यासाठीच ओरडली, तेव्हा बाईंनी नियम केला. शून्याच्या वेळी काटा हिरव्यात आला, तरच शाळा सुटताना गोष्ट.

काटा हिरव्यात आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पिवळ्यातच लोंबकळत राहिला. तीन दिवस गोष्ट नाही, मुलांची तोंडं एवढीएवढीशी, बाई मनातून चिडलेल्या. इतकं समजावतेय, जरा म्हणून शहाणपण नाही कारट्यांना.

गुरुवारी तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिला शिक्षकांच्या खोलीत ‘चौकशी’ म्हणायचे, कारण तिचे प्रश्न सुटीतही संपत नसत. ती म्हणाली, “बाई, मी काल बोललेच नाही. आमच्या बाकावर कुणीच नाही बोललं. मग कोण बोलतं?”

एरवी बाईंनी तिला बसवलं असतं. पण प्रश्न बाईंनाही चावला. खरंच, कोण बोलतं? त्यांनी चिमटा शून्यावर लावला आणि बोटाने काट्याकडे दाखवलं. छप्पन्न मुलं श्वास धरून बसली. काही तर दोन्ही हात तोंडावर दाबून. बाईंनी एकेका बाकावरून नजर फिरवली, एकही ओठ हलत नव्हता. काटा पिवळ्यात.

चौकशीने हळूच बोट वर केलं. तिला बोलायचं नव्हतं, ती छताकडे दाखवत होती. कपाटाच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, जुना पंखा घरघरत होता. त्याचा वारा थेट फोनच्या तोंडावर.

बाईंनी जाऊन बटण बंद केलं. पंख्याची घरघर उतरली, पाती दिसायला लागली, मग एकेक मोजता यायला लागली. काटा सरकत सरकत हिरव्यात जाऊन बसला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस पोरांना शिक्षा दिली, ती पंख्याच्या आवाजाची. पण त्यांनी सारवासारव केली नाही. वर्गापुढे उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “चूक तुमची नव्हती, माझी होती. फोन मी चुकीच्या जागी ठेवला. तीन गोष्टी मी तुमचं देणं लागते.”

आणि शेवटच्या बाकावरचा सर्वांत वांड मुलगा म्हणाला, “बाई, आज तुमचं सगळं ऐकू आलं.”

बाई चपापल्या. म्हणजे आजवर येत नव्हतं? नाही म्हणे, बाई हळू बोलायला लागल्यापासून मागे नुसती घरघर येते, म्हणून आम्ही एकमेकांना विचारतो, बाई काय म्हणाल्या. मागची चार बाकं माना हलवायला लागली. बाई त्याच बाकांना गेले दहा दिवस मनातल्या मनात शिव्या देत होत्या.

त्या दिवसापासून फोन पिशवीत गेला आणि पंख्याचं बटण कामाला लागलं. बाईंना काही सांगायचं असेल, तर चौकशीने पंखा बंद करायचा. घरघर उतरलेली पाठमोऱ्या मुलालाही कळते. पंखा झटकन थांबत नाही, त्यामुळे तोंडातलं वाक्य पुरं करायला वेळ मिळतो. पाती मोजता येईपर्यंत वर्ग शून्यावर. आणि बाईंनी स्वतःला एक नियम घातला, तो सगळ्यांत अवघड होता. शेवटचं मूल गप्प होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी त्या हाताची घडी घालून इतका वेळ थांबल्या की त्यांनाच घाम फुटला. घाम मुलांनाही फुटायचा, म्हणून सांगायचं ते चार वाक्यांत उरकावं लागायचं. चार वाक्यांत सगळं मावतं, हे एकोणीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग पंखा सुरू, चिमटा दोनवर, काम चालू.

पंधराव्या दिवशी हेडबाई आल्या आणि मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर वही. मुलं चारचारच्या गटात झाडांची पानं आकारांप्रमाणे लावत होती, पातळी दोन, वर्गभर गुणगुण चाललेली. हेडबाईंनी भुवया उंचावल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. बाईंना वाटलं, संपलं. ही गुणगुण कामाची आहे हे यांना कसं पटवायचं? अजून पाच मिनिटं काम चालू दे, मग पंखा बंद करून दाखवू, असं ठरवून त्या एका गटाशी वाकल्या.

तेवढ्यात लाईट गेली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता खूण कशाने करणार? पंखा हळू होत होता, लाईट येईपर्यंत तो आता बंदच. घाबरून त्यांनी वर पाहिलं, मग समोर. गुणगुण विरळ होत होती. एका गटाने पानं खाली ठेवली. दुसऱ्याने. वांड मुलाने आपलं वाक्य पुरं केलं आणि तोंड मिटलं. पाती मोजता यायला लागली तेव्हा वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि छप्पन्न चेहरे बाईंकडे वळून वाट बघत होते, बाई आता काय सांगतात.

बाईंना सांगायचं काहीच नव्हतं.

हेडबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. त्यांनी हळूच विचारलं, अगदी त्यांच्याही नकळत हळू, “हे कसं केलंत? तुम्ही तर तोंडसुद्धा उघडलं नाही.”

श्रेय घेऊन मोकळं होणं सोपं होतं. पण बाईंनी गेल्याच गुरुवारी याच मुलांपुढे चूक कबूल केली होती, आणि ती सगळी ऐकत होती. “मी काहीच केलं नाही, बाई,” त्या म्हणाल्या. “लाईट गेलीय. पंखा थांबला की मी बोलते, म्हणून ती आपणहून थांबली.”

हेडबाईंनी वही मिटली. “उद्यापासून दाखले लिहायला मी दुसरं माणूस बघते,” त्या म्हणाल्या.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. छप्पन्न मुलं अजून थांबलीच होती, कुणी हलत नव्हतं, आणि चौकशीने बोट वर केलं होतं. बाईंनी शेवटच्या बाकाकडे पाहून, जेवणाच्या ताटावर बोलावं तशा आवाजात सांगितलं, “काही नाही, लाईट गेलीय. चालू द्या तुमचं. पातळी दोन.”

आणि शेवटचं बाक लगेच कामाला लागलं.