तक्रारींची वही

आमचं दुकान नगरला, दिल्लीगेटच्या अलीकडे. छपरावर पाणी तापवायचे सोलर बंब बसवतो. गिऱ्हाईक आलं की बाकीचे दुकानदार चकचकीत कॅटलॉग काढतात. माझा नवरा मच्छिंद्र तक्रारींची वही काढायचा.

"हे काय हात दाखवून अवलक्षण!" असं मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. मोठ्या लांब वहीत एकेक ओळ. तक्रार कधी आली, कोणाची, बिघाड काय निघाला, आणि शेवटी काम झाल्याची गिऱ्हाइकाची सही. पानांवर आकडे घातलेले, म्हणजे मधलं पान फाडायची सोय नाही.

हे म्हणायचे, "जयमाला, एवढी महाग वस्तू माणूस आयुष्यात एकदा घेतो. त्याला माहीत असतं की कधीतरी बिघडणारच. त्याची भीती वेगळी असते. बिघडल्यावर हा येईल का, एवढंच त्याला बघायचं असतं."

कंपनीची टाकीवर पाच वर्षांची गॅरंटी असते. पण आत खार धरला तर कंपनी हात वर करते, आणि नगरच्या बोअरच्या पाण्याने खार धरायचा नाही तर काय मध धरायचा? तेवढ्यासाठी हे स्वतः जायचे, ॲसिडने नळ्या धुऊन द्यायचे. गॅरंटीचं कार्ड कोणीही छापतं हो. कार्ड छपरावर चढत नाही. लोक वही चाळायचे, दोन-चार पत्ते उतरवून घ्यायचे, त्या घरी जाऊन विचारायचे आणि परत आमच्याकडेच यायचे. सहा वर्षं दुकान असं चाललं.

डिसेंबरात सावेडीहून केशरबाईंचा फोन आला, गरम नळाला पाणीच येत नाही म्हणून. मीच लिहून घेतलं. हे सकाळी गेले. जिन्याच्या माळ्यावर टाकी, त्याला लोखंडी शिडी टेकवलेली, स्लॅबवर दव. शिडी सरकली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची बाई. कसला धीर! आत काही उरलंच नव्हतं. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा शेजारी उभ्या राहून बायका हुंदके देत होत्या आणि मी घरातला गॅस संपत आलाय का याचा विचार करत होते. पुढे तीन महिने तसेच गेले. चहा प्यायचा, दुकान उघडायचं, बंद करायचं.

माझा दीर नितीन आता काम बघतो. हात चांगला आहे त्याचा, पण नाव ह्यांचं होतं. लोक दारातूनच विचारायचे, "आता तक्रारीला कोण येणार?" आणि निघून जायचे. तीन महिन्यांत एक बंब गेला नाही. तेवढ्यात श्रीरामपूरच्या डॉक्टर पुष्पावती साळव्यांचा निरोप आला. त्यांच्या बाळंतपणाच्या दवाखान्याला हजार लिटरचा सोलर हवा होता. पुण्याची एक कंपनीही त्यांच्याकडे येऊन गेली होती. डॉक्टरबाईंनी निरोपात स्पष्ट सांगितलं होतं, तुमच्या तक्रारींच्या वहीबद्दल ऐकलंय, ती घेऊन या.

ही ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप. नितीनलाही ते माहीत होतं.

त्याने वही उघडली, शेवटच्या भरलेल्या पानावर बोट ठेवलं. केशरबाईंची ओळ तशीच होती. तारीख, नाव, तक्रार, पुढे कोरं.

"वहिनी, एवढी एक ओळ भरून टाकू. डाव्या हाताने केशरबाई लिहितो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"डाव्या हाताने लिही नाहीतर पायाने," मी म्हटलं. "खोटी सही झाली की बाकीच्या दोनशे सह्या पण खोट्याच. मग हे इतकी वर्षं काय रद्दी लिहीत होते?"

"मग ते बघितल्यावर त्या बाई काय म्हणतील?"

"म्हणू देत." खरं सांगते, त्या वेळी मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

एसटीने श्रीरामपूरला गेलो. डॉक्टरबाई चष्मा लावून एकेक पान वाचत बसल्या. नितीनला घाम फुटला. शेवटी त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलंच.

"हे राहिलं का?"

मी सांगितलं. काय झालं, कसं झालं, एका दमात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. त्यांनी चष्मा काढला.

"फार वाईट झालं, बाई. पण मला विचारावं लागेल. त्या घरी पुढे गरम पाणी आलं का?"

"माहीत नाही."

"तीन महिने कोणी गेलंच नाही?"

नितीन गेला नव्हता. मीही नव्हतेच गेले. त्या घराचं नाव काढायचंच मी सोडलं होतं.

"उद्या मी इथे ओल्या बाळंतिणी ठेवणार आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यावर संकट आलं तरी माझ्याकडे कोणीतरी यायला हवं. आधी तिकडे जाऊन या."

राग यायला हवा होता. आला नाही. बाई बरोबर बोलत होत्या.

ऑर्डर आम्हाला मिळाली, ते आताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पण दुसऱ्या दिवशी सावेडीला गेलो तेव्हा ते ठरलेलं नव्हतं.

केशरबाईंनी दार उघडलं आणि मला बघून भिंतीला टेकल्या. नितीन हत्यारांची पिशवी घेऊन वर जायला निघाला तर त्याचा हातच धरला.

"नगा जाऊ वर. पानी येतंय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवसापासून." त्या खालीच बसल्या. "वरची टाकी धुवायला मानूस आल्ता. त्यानं कॉक बंद केल्ता, तसाच राहिल्ता. माझ्या पोरानं वर जाऊन फिरवला. पानी आलं."

"मग फोन का नाही केला?"

"कोन्त्या तोंडानं करू? साधा कॉक हुता, बाई. आमी बघितलं असतं तर तुमचा मानूस..." पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तवापास्नं त्या नळाला कुनी हात न्हाई लावला. चुलीवर तापवून घेतो आमी."

मी वही उघडली. बिघाडाच्या रकान्यात लिहिलं, कॉक बंद होता. अक्षर नेहमीसारखंच आलं. वही केशरबाईंपुढे केली तर त्या सहीला हात पुढे करेनात.

"आधी आंघोळ करा," मी म्हटलं.

"आं?"

"सोलरच्या पाण्याने आंघोळ करा, मग सही. न बघता सही घेत नाही आम्ही."

त्या उठल्या, दांडीवरचं लुगडं घेतलं आणि न्हाणीत गेल्या. मी बाहेर पायरीवर बसले. आत बादलीत नळ पडायला लागला. दाराच्या फटीतून वाफ यायला लागली. तांब्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, आणि मला ह्यांची एकदम इतकी आठवण आली की दोन्ही हातांनी पायरी धरून बसावं लागलं. नितीन जवळ यायला लागला, त्याला मी मानेनेच नको म्हटलं.

आतून केशरबाईंनी विचारलं, "बाई, हाये ना? का गेल्या?"

"बसलेय," मी म्हटलं. "सावकाश होऊ द्या. पाणी पुष्कळ आहे."