दुसरी सही

मोठागावची सगुणा वर्षभर माझ्याकडे इंग्रजी शिकत होती. तिचा नवरा सहदेव अमेरिकेचा नागरिक. इंग्रजी आल्याशिवाय बायकोला व्हिसा मिळत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. वकिलातीत मात्र तिला मराठीतच विचारलं. भाषेची अट नव्हतीच. अडलं ते सहदेवच्या कमाईवर. पेट्रोल पंपावरचा त्याचा पगार दोन माणसांसाठी ठरवलेल्या किमान रकमेपेक्षा कमी होता. तिचा खर्च उचलायची आणखी कुणाची तरी हमी आणा, असं सांगून त्यांनी अर्ज थांबवला.

"बाबा करतील की सही! दोन होड्या आहेत आमच्या."

"अगं, हमी देणारा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा. तिथंच राहणारा, चांगला कमावणारा."

"मग तुमचा निशिकांत आहे ना तिथं, सर."

मी मुलाला लिहिलं. काल त्याचं उत्तर आलं. जमणार नाही, बाबा.

"त्याच्याही अडचणी असतील," मी आज तिला चाचरत म्हटलं.

तिने हमीपत्राचा कोरा इंग्रजी नमुना ओढला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं.

"घटस्फोट झाला तरी हमी सुटत नाही, असंच लिहिलंय ना?"

"हो."

वर्षभराची मेहनत त्या एका ओळीला उपयोगी पडली होती.

"मग मी पण कोणासाठी केली नसती सही," ती म्हणाली. "सहदेवला दुसरी नोकरी बघ म्हणून लिहिते. पण तोवर मी काय करू, सर?"

मी पुढचा धडा उघडला.