जावयाची जाळी

डॅन्यूबकाठच्या आपातिन गावात संध्याकाळी डास माणसाला उचलून नेतात. म्हणून देसांकाबाईंच्या बेलग्रेडच्या जावयाने, झ्द्राव्कोने, शिडीवर चढून त्यांच्या खिडकीला बाहेरून जाळीची चौकट ठोकली. त्याच्या फ्लॅटच्या खिडक्या आत उघडतात, तिथे जाळी बाहेरच बसते.

खिडकीतून शेजारच्या कातीला कॉफी द्यायची, ही देसांकाबाईंची चाळीस वर्षांची संध्याकाळ. त्यांनी खिडकी बाहेर ढकलली. ती जाळीवर आपटून तिथेच थांबली.

"वा जावईबापू! डास बाहेर, पण मीही आत कोंडलेली!"

"सासूबाई, मग आतून चुंबकाने चिकटणारी बसवतो."

"रोज कपासाठी सगळी जाळी उपटून मांडीवर घेऊ?"

"सरकती?"

"एवढ्याशा खिडकीत अर्धी वाट अडवणारी? तुझं डोकं बेलग्रेडलाच राहिलं वाटतं. आतल्या बाजूला बिजागरीची बसव, कपाटाच्या दारासारखी खोलीत उघडणारी."

"मग खिडकीत आतल्या बाजूला ठेवलेल्या या फुलांच्या कुंड्या? त्या आड येतील."

"त्या तू उचलशील. तेवढं तरी जमेल ना?"

दुसऱ्या संध्याकाळी देसांकाबाईंनी जाळी आत ओढली, खिडकी बाहेर ढकलली, कप पुढे केला आणि जाळी लगेच लावून घेतली.

"कुणी बसवली गं?" कातीने विचारलं.

"जावयाने. दुसऱ्या खेपेला."