मैनाची दाढ

मैनाने तोंड घट्ट मिटून घेतले होते. समोर डॉक्टर दत्तात्रेय केळकर हातात चिमटा घेऊन उभे होते आणि मागून तिचे आजोबा भागोजी तिचे खांदे दाबत होते.

"उघड गो बाय, एका झटक्यात जायल दाढ."

मैनाने मान जोरात हलवली.

लांज्यापासून आत आमची शाळा, मी तिथला मास्तर. साल अठ्ठ्याऐंशी, तरी विजेचे खांब गावाच्या बाहेरच थांबलेले. दातांचे शिबिर म्हणजे दात काढण्याचे शिबिर, अशीच आमच्याकडे समजूत. दात कोरायचे यंत्र चालायला वीज नाही, मग दुसरे करणार काय? यंदा मात्र डॉक्टरांबरोबर उल्का नावाची तरुण डॉक्टरीण आली होती. दाराजवळ, उजेडात, माझी दोन टेबले जोडून त्यावर गोधडी घालून तिने आपली जागा मांडली होती. हत्यारे प्रेशर कुकरमध्ये उकळून घेतली होती.

"सर, मी एकदा बघू?" ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? हिरडी पांढरी पडलीय, सुजलीय. पू झालाय. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ ती, गेली."

"गेली असेल तर मीच काढीन."

मैना टेबलावर जाऊन आडवी झाली आणि उल्कापुढे मात्र तिने तोंड उघडले. मला उल्काने आरसा धरायला सांगितला. अंगणातले ऊन आरशातून मैनाच्या तोंडात पाडायचे, डोळ्यांत नाही. हे आपल्याच्याने नीट व्हायचे नाही, असे सारखे वाटत होते.

उल्काने दाढेवर हत्याराच्या मुठीने हलकेच ठोकले. "दुखलं?"

"नाय."

"रात्री आपोआप ठणकतं?"

"नाय. गूळ खाल्ला का कळ येते. मग जाते."

उल्काने हिरडी पुन्हा नीट बघितली. "हिरडीला काय लावलंस?"

मैनाने मागे उभ्या आजोबांकडे बोट केले. भागोजी भिंतीकडे बघू लागला.

"आजोबा?"

"काजीच्या टरफलाचं त्याल," तो पुटपुटला. "कीड मरावी म्हनून. कापसान घातला, जरा भायर लागला."

"जरा? तोंड भाजलंत पोरीचं! पू नाही तो, आतली नस शाबूत आहे."

"माझ्या बापसान असाच लावलान व्हता मला!"

"म्हणूनच तुमच्या तोंडात चारच दात आहेत," उल्का म्हणाली. दाराशी उभी असलेली मैनाची आई हौसा पदर तोंडाला लावून हसली.

डॉक्टर केळकर मात्र चिडले. "भाजलं असेल, पण दाढ किडलेली आहे ना? यंत्राशिवाय भरणार कशी? खरवडून?"

"हो. किडलेला भाग मऊ असतो, हाताने निघतो."

"गुरुजी, आरसा ठेवा. रांग खोळंबलीय," केळकर म्हणाले.

मी आयुष्यात मोठ्या माणसाला उलटून बोललो नव्हतो. पण आरसा खाली ठेवला नाही.

उल्काने दाढेच्या दोन्ही अंगांना कापसाच्या सुरळ्या बसवल्या. एका धारदार हत्याराने भोकाची कड थोडी मोकळी केली आणि चिमुकल्या चमच्याने आधी कडेचे, मग तळाचे खरवडू लागली. ओल्या पुठ्ठ्यासारखे तपकिरी पापुद्रे निघत होते. मैनाच्या मुठी वळल्या होत्या, पण ती हलली नाही.

"तळाशी थोडं राहिलंय," केळकर वाकून म्हणाले.

"ते कडक लागतंय, सर. आणखी खोल गेले तर नस उघडी पडेल."

मग भरण नीट धरावे म्हणून तिने आत पातळ आम्ल फिरवले, ओल्या कापसाने पुसले, कोरड्याने टिपले. काचेसारखी पूड आणि द्राव कागदावर घोटून भरणाचा चकचकीत लगदा केला. तेवढ्यात मैनाला ठसका आला आणि दाढेत थुंकी शिरली. नवा कापूस घालून, धुऊन टिपेपर्यंत लगद्याची चकाकी गेली. उल्काने तो सरळ टाकून दिला.

"परदेशी माल आहे तो!" केळकर ओरडले.

"चकाकी गेली की चिकटत नाही."

तिने पुन्हा घोटला. चकचकीत लगदा दाढेत भरला, व्हॅसलीन लावलेल्या बोटाने वरून दाबून धरला. कडेला आलेला जादा भाग कोरून काढला, रंगीत कागद चाववून उंचवटा पाहिला, खरवडला, पुन्हा व्हॅसलीन लावले.

"तासभर काही खायचं नाही. आणि ते तेल पुन्हा तोंडाजवळ न्यायचं नाही."

"आता घरात ठेवतंय काय मी ता!" हौसा सासऱ्याकडे बघत म्हणाली.

"सहा महिन्यांत निघून पडेल," केळकर म्हणाले.

"पडलं तर पुन्हा भरीन. तुम्ही काढलेली दाढ मात्र मला परत बसवता येणार नाही."

केळकरांच्या रांगेतला धाकू हळूच सटकला आणि उल्काच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्यामागून काशी आली. मग आणखी दोघे.

"अरे, सगळ्यांच्या वाचायच्या नाहीत!" केळकर म्हणाले.

"ज्यांच्या वाचतील त्यांना इकडे पाठवा, सर," उल्काने मान वर न करता सांगितले. "गुरुजी, ऊन सरकलं. थोडे डावीकडे या."

मी डावीकडे झालो.