युनिट दोन : मिथक

“मॅडम, सरळ सांगा ना, मिथक म्हणजे खोटी गोष्ट. लिहून घेतो नि सुटतो,” कोरीट गावचा ईश्वर शेवटच्या बाकावरून बोलला आणि वर्ग हसला.

मी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. अजून काही आलं नव्हतं. नाशिकचे डॉक्टर नवनीतचा रिपोर्ट आज फोनवर पाठवणार होते. नवनीत माझा मुलगा, चार वर्षांचा. जिना चढताना कठड्याला धरतो आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. घरात सगळे म्हणायचे, आळशी आहे. मी वर्षभर नुसती बघत होते.

“काल घरी काय सांगितलंस, ईश्वर? लायब्ररीत होतो म्हणून ना? होतास?”

“नही मॅडम.”

“ते खोटं. असं घडलेलं नाही हे तुला माहीत होतं आणि आईला फसवायचं होतं. आता कोल्ह्याची गोष्ट घे. तिच्यात कोण फसतं?”

“कोणीच नाही. टाइमपास.”

“ती लोककथा. कोल्हा बोलत नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. सारंगखेड्याच्या एखाद्या घोड्याने मालकाला पुरातून तापीपार नेलं, असं तुझे आजोबा सांगत असतील तर ती दंतकथा. त्यात माणसाला नाव असतं, गावाला नाव असतं, काळ आपल्याच जगातला असतो. मिथक त्याच्याही आधीचं सांगतं. दाणा कुठून आला, मरण का आलं, आपण असंच का वागतो. आणि ज्यांचं ते असतं त्यांच्यासाठी ते खरं असतं, पवित्र असतं.”

खिडकीजवळच्या सुनिताने हात अर्धाच वर केला. ती धडगावकडची, डोंगरातली. “मॅडम, आमचा आजा दाण्याची गोष्ट सांगतो. पण फक्त पेरणीच्या आदल्या दिवशी. तेव्हा कोणी मध्ये बोलत नाही. इतर दिवशी मागितली तर रागावतो.”

“बघा,” मी वर्गाला म्हटलं. “ती कोणी सांगायची, कधी सांगायची, कोणासमोर सांगायची, हे सगळं ठरलेलं आहे. ती सांगितल्याशिवाय पेरणी सुरू होत नाही. हीच गोष्ट उद्या तुम्ही पाठ करून स्नेहसंमेलनात सांगितलीत तर शब्द तेच राहतील, पण मिथक राहणार नाही.”

“पण खरंच घडलं व्हतं का?” ईश्वर सोडेना.

“तो प्रश्न या विषयात आपण बाजूला ठेवतो. फालतू आहे म्हणून नाही. आपल्याला बघायचंय की ती गोष्ट माणसांमध्ये कोणतं काम करते. पाऊस का पडतो हे सांगायला विज्ञान आहे. माझ्याच शेतात का पडला नाही, आता मी कसं जगायचं, तिथे लोक मिथकाकडे जातात. आणि ते नेहमी भलंच करतं असंही नाही. एकाला वर, दुसऱ्याला खाली ठेवणारी मिथकंही आहेत. मिथक म्हणणं ही शाबासकी नाही, आणि शिवीही नाही.”

फोन थरथरला. मी हजेरी न घेताच वर्ग सोडला.

रिपोर्ट मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. फोनच्या पडद्यावर तो खरा वाटत नव्हता. डॉक्टर फोनवर हळू बोलले. स्नायूंचा आजार आहे. दहा-बाराव्या वर्षाच्या सुमाराला चाकाची खुर्ची लागेल. औषधाने थोडा वेळ मिळेल, बरं होणार नाही. तुमचं रक्त तपासलं, जनुकातला तो बदल तुमच्याकडून आलेला आहे. तुमची चूक नाही, ताई, असंही ते म्हणाले. दुकानदाराने विचारलं, स्टेपल करू का? मी म्हटलं, करा.

आमच्या प्रकाशा गावाच्या गाडीत उभ्यानेच होते. भाग्येश, माझा नवरा, सुरतेला कामावर. त्याला रात्री सांगू असं ठरवलं. डोक्यात मात्र पाचवीचा दिवस होता. नवनीत पाच दिवसांचा असताना सासूबाईंनी सटवाईसाठी पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं. म्हणाल्या, “सटी येस, पोरना कपायवर लिखस. एकदाव लिखं का तिले बी मोडता येत नही.”

मी नुकतीच एम.ए. झाले होते. बाळंतपणाने वैतागले होते. म्हटलं, “आई, हे सगळं खोटं आहे. कोणी येत नाही लिहायला.”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पाटा उचलला. पुढे कधी विषय काढला नाही.

सहा महिन्यांनी भाग्येशकडून कळलं की त्याच्याआधी एक भाऊ होता, वाहरू. दोन वर्षांचा असताना तापाने गेला. तेव्हा गल्लीतल्या बाया महिनाभर रोज येऊन सासूबाईंशेजारी बसायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या: तुन्हा काय दोष, बाई, सटीनंच तसं लिखेल व्हतं. त्यावर त्या उठल्या, जेवल्या, भाग्येशला जन्म दिला. हे मी दर वर्षी वर्गात सांगू शकले असते. मिथकाचं कार्य, पाच गुण. सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा ओट्यावर मिरच्या पसरलेल्या होत्या. सासूबाई, तापीबाई, देठ खुडत होत्या. नवनीत आत झोपला होता.

“काय सांगं डाक्टरनी?”

मी सगळं सांगितलं. खुर्चीचंही. त्यांचा हात थांबला नाही. मिरचीचा खकाणा उडत होता, त्यामुळे आम्हा दोघींच्याही डोळ्यांतलं पाणी कसलं ते बोलायची गरज पडली नाही.

“आनि हाई कोठून उनं?”

“माझ्याकडून, आई. रक्तातून.”

आता त्या रागावतील, निदान एखादा टोमणा मारतील असं वाटलं. तेही चाललं असतं. पण त्यांनी हातातली मिरची टोपलीत टाकली आणि शेजारणीकडे उसनं मागावं तशा दबक्या आवाजात म्हणाल्या, “चारू, मन्हा वाहरूनं बी असंच व्हतं का? मन्हाकडथून?”

“नाही हो आई. त्याला ताप होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“तवय रक्त कोनी तपासं?”

“कोणी नाही. पण—”

“मंग तुले कसं माहीत?”

पस्तीस वर्षं एका वाक्यावर काढलेली ही बाई आज माझ्याकडे रिपोर्ट मागत होती. आता मीच त्या बायांसारखं शेजारी बसून म्हणायला हवं होतं. मी टोपलीजवळ सरकले. “आई, तुमचा काय दोष? सटीनंच…”

“नको माय,” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “त्या बायास्ले ते खरं व्हतं. तू मन राखाले बोली ऱ्हायनी.”

युनिट दोनमध्ये हे नव्हतं. कुठलीही गोष्ट काय करते हे मला सांगता येत होतं. माझ्यासाठी ते काम करेल अशी एकही नव्हती, आणि त्यांच्याजवळची मी काढून घेतली होती.

त्यांनी पदराला हात पुसले. “दखाड तो कागद.”

मी दिला. त्यांना वाचता येत नाही, आणि तो इंग्रजीत होता. त्यांनी तो मांडीवर सरळ केला.

“तुन्हं नाव कोठे शे?”

मी दाखवलं. त्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं, मग ते सावकाश खालच्या ओळींवरून नेलं, एकेक ओळ, पान संपेपर्यंत. पान उलटलं. मागची बाजू कोरी होती, पाचवीला ठेवलेल्या कागदासारखी. तिथेही थोडा वेळ बोट फिरवत राहिल्या.